व्हिडीओ केवायसी पुन्हा पुन्हा फेल होते? आधी बघा, चेहरा जुळला नाही की मशीनला तुम्ही फोटो वाटले

नागपुरात सक्करदऱ्याकडे माझं छोटं दुकान आहे, मोबाईल रिपेरिंग आणि सोबत ऑनलाईन फॉर्म भरायचं काम. आठवड्यातून दोन-तीन जण तरी एकच तक्रार घेऊन येतात, "भाऊ, बँकेची व्हिडीओ केवायसी होऊनच नाही राह्यली." कोणी चारदा करून आलेला असतो, कोणी सातदा, आणि प्रत्येक वेळी तेच केलेलं असतं, तीच खोली, तोच ट्यूबलाईट, तोच फोन. मग वेगळं काय होणार.

आधी लक्षणं सांगतो, कारण अर्धं काम तिथंच होते.

पहिलं लक्षण म्हणजे स्क्रीनवर गोल येतो, चेहरा गोलात आणा म्हणते, डोळे मिचकावा, मान वळवा म्हणते आणि तुम्ही सगळं करूनही ते पुढं सरकत नाही, किंवा "Liveness check failed" असलं काही येते. दुसरं, हे सगळं झटक्यात पार पडते, हिरवी टिक पण येते, आणि मग "Face mismatch" किंवा "Photo does not match" येते. तिसरं, दोन्ही पार पडते, समोर बँकेचा माणूस येतो, बोलणं होते, आणि दुसऱ्या दिवशी मेसेज येतो की रिजेक्ट. चौथं, कॉल मधेच तुटते आणि सगळं पहिल्यापासून करा म्हणते.

ही चार लक्षणं चार वेगळ्या बिमाऱ्या आहेत आणि लोक चौघींवर एकच औषध देतात, म्हणजे पुन्हा ट्राय.

मशीन खरंतर दोन वेगळे प्रश्न विचारते. एक, कॅमेऱ्यासमोर आत्ता खरा जिवंत माणूस आहे की कोणी छापलेला फोटो, दुसऱ्या मोबाईलवर चालणारा व्हिडीओ किंवा मुखवटा धरला आहे, याला लाइव्हनेस म्हणतात. दोन, हा जो कोण आहे तो आधारच्या फोटोतलाच माणूस आहे का, हे फेस मॅच. पहिल्या प्रश्नाचा तुमच्या आधारशी काही संबंध नाही, तिथं फक्त उजेड, कॅमेरा आणि नेट. दुसऱ्यात आधारचा फोटो हा मोठा खेळाडू आहे, आणि तो खराब असेल तर तुम्ही खोलीत हॅलोजन लावलं तरी एका हद्दीपुढं फायदा नाही. म्हणून कोणता प्रश्न अडला ते आधी बघा. मेसेज पटकन निघून जाते, तर दुसऱ्या फोननं समोरून स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. त्याच फोनवर स्क्रीनशॉट घेऊ नका, बरेच ॲप सुरक्षेसाठी तो अडवतात आणि काही तर सेशनच बंद करतात.

आता तपासण्या, फुकटातल्या आधी.

कॅमेऱ्याची काच पुसा आणि ब्युटी बंद करा

हसू नका. समोरच्या कॅमेऱ्यावर बोटाचं तेल, पावडर, किंवा स्क्रीनगार्ड लावताना सरकलेली कड असते, त्यानं चित्रावर धुकं येते. लाइव्हनेस जी साधी पद्धत वापरते, ज्यात तुम्हाला काहीच करायला सांगत नाही, ती चामडीचा बारीक पोत बघते. खऱ्या चेहऱ्यावर छिद्रं, बारीक सुरकुत्या, नाकावर वेगळी चमक आणि गालावर वेगळी असते. छापील फोटोवर चमक सगळीकडं सारखी असते आणि मोबाईलच्या स्क्रीनवर दाखवलेल्या चेहऱ्यावर कॅमेऱ्याला बारीक पट्ट्या दिसतात, आपण टीव्हीचा फोटो काढला की दिसतात तशा. आता काच धुरकट असली की तुमचाही पोत गेला, म्हणजे मशीनच्या हिशोबात तुम्ही कागदाकडं सरकले.

ब्युटी मोडचं तेच आहे. बऱ्याच फोनवर तो आधीपासून चालू असतो, चेहरा गुळगुळीत करते, हनुवटी निमुळती करते, डोळे थोडे मोठे करते. सेल्फीला ठीक आहे, पण इथं तो दोन्ही प्रश्नांत मार खाऊ घालते. पोत पुसल्यामुळं लाइव्हनेस अडते आणि नाक-हनुवटीचं माप बदलल्यामुळं मॅच. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधे जाऊन बंद करा, काही फोनवर व्हिडीओ कॉलसाठी वेगळी ब्युटी असते, ती पण बघा. एका कॉलेजच्या पोरीची केवायसी याच एका गोष्टीनं झाली होती, चार दिवसांपासून अडलेली.

उजेड समोरून

खिडकीकडं तोंड करून बसा, पाठ करून नाही. पाठीमागं खिडकी असली की कॅमेरा मागचा उजेड सांभाळते आणि चेहरा काळा पडते. डोक्यावरचा एकच ट्यूबलाईट पण नको, त्यानं डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि मशीन सगळ्यात आधी डोळेच शोधते. डोळ्यांचे कोपरे, नाकाचं टोक, तोंडाचे कोपरे, असे बिंदू पकडून ती चेहरा सरळ करून घेते आणि मगच पुढचं काम करते. हे बिंदूच चुकले तर पुढचं सगळं चुकते.

आपल्याकडं मे महिन्यात दुपारी कोणी गच्चीवर जाऊन करतात, उजेड भरपूर म्हणून. तसं नका करू बाप्पा. थेट उन्हात अर्धा चेहरा पांढरा आणि अर्धा काळा होते, डोळे आपोआप बारीक होतात, आणि ४५ अंशात फोन तापला की तो स्वतःच स्पीड कमी करते, मग व्हिडीओ अडखळते. सकाळी नऊ-दहाला घरात, खिडकीसमोर, हे सगळ्यात बेस. कूलर तेवढा वेळ बंद ठेवा, चेहऱ्याशी संबंध नाही पण समोरच्याला तुमचा आवाज ऐकू येत नाही आणि तो वैतागून कॉल संपवते. चष्म्यावर उजेड चमकत असेल तर चष्मा काढा, तोंडाला बांधलेला दुपट्टा नुसता खाली सरकवू नका, पूर्ण काढा, हनुवटी दिसली पाहिजे.

फोन डोळ्यांच्या उंचीला, हातभर लांब

फोन मांडीवर ठेवून खालून दाखवला की नाकपुड्या मोठ्या आणि कपाळ छोटं दिसते. अगदी जवळ धरला तरी नाक फुगते. आधारचा फोटो समोरून काढलेला आहे, तर तुम्ही पण समोरून दिसा. पुस्तकांच्या थप्पीवर फोन टेकवून ठेवा, हात हलत नाही. डोळे मिचकावा म्हटलं तर निवांत मिचकावा, काही जण इतक्या जोरात आणि पटकन करतात की कॅमेऱ्याच्या दोन चित्रांच्या मधेच डोळा बंद होऊन उघडून जाते, मशीनला दिसतच नाही. मान वळवताना पण तसंच. ह्या क्रिया दर वेळी वेगळ्या मागतात कारण आधी रेकॉर्ड करून ठेवलेला व्हिडीओ कोणी दाखवू नये, म्हणून सांगितल्याच्या आधी सुरुवात करू नका.

नेट आणि बाकीचे ॲप

नेट बारीक झालं की व्हिडीओ दाबून पाठवला जाते, चेहऱ्यावर चौकोन-चौकोन येतात. असलं चित्र मशीनला दुसऱ्या स्क्रीनवरून शूट केलेल्या व्हिडीओसारखं वाटू शकते. वायफाय दोन भिंती पलीकडं असेल तर राऊटरच्या खोलीत बसा. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा, लोकेशन चालू करा. हे बँकेचे नखरे नाहीत, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे की ग्राहक भारतात आहे हे लोकेशनवरून बघायचं, देशाबाहेरचा किंवा बनावट आयपी पत्ता अडवायचा, आणि व्हिडीओवर जागा, तारीख, वेळ नोंदलेली पाहिजे. स्क्रीन रेकॉर्डर, स्क्रीन शेअरिंगचं ॲप, लोकेशन बदलायचं ॲप फोनमधे असेल तर काढून टाका, असे ॲप दिसले की बँकेचं ॲप शंका घेते, कारण फसवणारे लोक कॅमेऱ्याच्या जागी बनवलेला व्हिडीओच आत घुसवतात.

चौथ्या लक्षणाचं उत्तर पण इथंच आहे. कॉल तुटला तर नवीन सेशनच करावं लागते, नियम तसा आहे. त्यात तुमच्या चेहऱ्याचा दोष नाही.

इथपर्यंत पैसा लागला नाही. माझ्या दुकानात लाइव्हनेसवर अडलेले लोक बहुतेक इथंच सुटतात. आता जे फेस मॅचवर अडलेत त्यांचं.

आधारचा फोटो स्वतः बघा

`myaadhaar.uidai.gov.in` वरून ई-आधार उतरवा. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमधे आणि जन्माचं वर्ष. फोटो मोठा करून बघा आणि शेजारी आजचा सेल्फी ठेवा. मग दोन्ही फोटोत केस आणि कान बोटानं झाका, फक्त भुवयांपासून हनुवटीपर्यंत बघा. तुम्हालाच वाटलं की "हा कोण?" तर मशीनची काय चूक.

मशीन नेमकं काय करते ते सोप्यात सांगतो. चेहरा सरळ करून ती त्याचे आकडे काढते, बऱ्याच सिस्टीममधे ५१२ आकड्यांची एक रांग. आधारच्या फोटोची एक रांग, तुमच्या व्हिडीओतल्या चेहऱ्याची दुसरी, आणि दोन रांगा किती जवळ आहेत त्याचा एक स्कोअर निघते. समजा रेषा ०.६० वर आखली आहे (हा आकडा नुसता समजायसाठी, प्रत्येक सिस्टीमची रेषा वेगळी असते आणि बँक ती सांगत नाही). वर गेला तर पास, फार खाली गेला तर बाद, आणि बरेच ठिकाणी मधल्या पट्ट्यातले माणसाकडं तपासायला जातात. रेषा खाली आणली तर भावाच्या जागी भाऊ घुसेल, वर नेली तर खरा माणूस बाहेर राहील, म्हणून बँक ती तुमच्यासाठी हलवत नाही.

हा स्कोअर टक्केवारी नाही हे लक्षात ठेवा. ०.५५ म्हणजे "५५ टक्के तुम्ही" असं नाही. आणि स्कोअर खाली ओढणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत, आधारचा फोटो फार लहान आणि दाबलेला असणं, त्या वेळी मान वाकडी असणं, आणि मधे गेलेली वर्षं.

नंदनवनचे एक काकाजी आले होते, ६८ वर्षांचे. त्यांच्या खात्याची कहाणी अशी की ते घरबसल्या नुसत्या आधार ओटीपीवर उघडलं होतं. असं खातं एक वर्षच चालते, त्यात शिल्लक एक लाखापेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि आर्थिक वर्षात दोन लाखांपेक्षा जास्त जमा होत नाही, वर्षाच्या आत पूर्ण केवायसी झाली नाही तर ते बंद होते. काकाजींचे दहा महिने झाले होते. सात वेळा ट्राय केलेलं. मला म्हणे, "पोरा, मशीनले मी मीच आहो हे पटून नाही राह्यलं."

आधी मी काच पुसली, ब्युटी बंद केली, दुकानाच्या दारात रस्त्याकडं तोंड करून बसवलं. त्यांचं पहिल्यांदा काय व्हायचं तर कधी लाइव्हनेस अडायचं, कधी मॅच. उजेड नीट केल्यावर दोनदा ट्राय केलं, लाइव्हनेस दोन्ही वेळा पहिल्या झटक्यात पास आणि दोन्ही वेळा "Face mismatch". म्हणजे एक बिमारी गेली आणि खरी उघडी पडली. ई-आधार काढलं तर फोटो २०११ चा, गाल भरलेले, मिशी जाड, मान थोडी डावीकडं, आणि मागून उजेड आल्यामुळं अर्धा चेहरा अंधारात. समोर बसलेले काकाजी सडपातळ, समोरचे दात काढलेले त्यामुळं ओठ आत गेलेले. मिशी एकटी असती तर मशीननं बहुतेक सांभाळून घेतली असती, पण गाल, दात, वय, अंधार आणि वाकडी मान असे सगळे मिळून स्कोअर खाली ओढत होते. यातला आपल्या हातात फक्त फोटो.

कवळी घरी होती, ती लावून एकदा ट्राय केलं, जबड्याचा आकार परत येते म्हणून. तरी नाही झालं. मग मी थांबवलं.

आधारचा फोटो बदलणं

हे ऑनलाईन होत नाही, कोणी शंभर-दोनशे घेऊन करून देतो म्हणाला तर ठगते. आधार केंद्रावरच जावं लागते, तिथंच कॅमेऱ्यासमोर फोटो काढतात, घरचा फोटो चालत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून बायोमेट्रिक अपडेटची फी १२५ रुपये आहे. पावतीवरच्या नंबरनं स्थिती बघता येते, शंका असेल तर १९४७ वर फोन. फोटो काढताना सरळ बघा, कवळी लावत असाल तर लावून बसा, आणि ऑपरेटरला स्क्रीन दाखवायला सांगा, अंधारा आला असेल तर तिथंच पुन्हा काढून मागा. ते एक मिनिट पुढची दहा वर्षं वाचवते.

अपडेट झाल्यावर ताजं आधार वापरा. आधारची ऑफलाईन एक्सएमएल फाईल देत असाल तर ती तीन कामाच्या दिवसांपेक्षा जुनी चालत नाही, जुन्या फाईलमधे जुनाच फोटो असते. काकाजींचं अपडेट झालं, नवीन ओटीपीनं केलं आणि मॅच एका दमात पास.

समोर माणूस आला की

मशीन पास झालं म्हणजे झालं असं नाही. नियमात चेहरा जुळवायची टेक्नॉलॉजी वापरायला सांगितली आहे पण जबाबदारी बँकेचीच, म्हणून कॉलवर बँकेचा स्वतःचा प्रशिक्षित कर्मचारी असतो, तो पण आधार आणि पॅनवरचा फोटो तुमच्याशी जुळवते, आणि त्यानंतर दुसरा कोणीतरी रेकॉर्डिंग तपासल्यावरच खातं चालू होते. दुसऱ्या दिवशीचा रिजेक्ट तिथून येते.

इथं पहिलं कारण पॅन. लॅमिनेशनवर उजेड चमकते आणि फोटो पांढरा होते, कार्ड थोडं तिरपं धरा. ई-पॅनचं प्रिंटआऊट हातात धरून दाखवलेलं चालत नाही, कार्ड नसेल तर ई-पॅन डिजिटलच द्यावं लागते.

दुसरं कारण मी स्वतः खाल्लेलं आहे. सुरुवातीला मी लोकांच्या बाजूला बसून हळूच सांगायचो, "हो म्हणा, जन्मतारीख सांगा." ग्राहकाला कोणी बाजूनं पढवत असेल तर केवायसी रद्द करायचा नियम आहे, प्रश्नांचा क्रम सुद्धा मुद्दाम बदलतात. एका आजीची केवायसी माझ्यामुळं गेली. आता मी फोन लावून देतो आणि चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहतो.

कुठं थांबायचं

उजेड, कॅमेरा, नेट नीट करून तीनदा लागोपाठ "Face mismatch" आलं तर चौथ्यांदा करू नका, ॲप काही काळ लॉक होऊ शकते आणि स्कोअर काही आपोआप वाढत नाही. ओटीपीवर उघडलेल्या खात्याचं वर्ष संपायला महिनाभरच उरला असेल तर आधार अपडेटची वाट न बघता मूळ कागदं घेऊन सरळ शाखेत जा, समोरासमोरची केवायसी आजही होते.

नाव किंवा जन्मतारीख आधार आणि पॅनवर वेगळी असेल तर तो चेहऱ्याचा प्रश्नच नाही, आधी ती दुरुस्ती. समोरचा कॅमेरा कोणत्याही ॲपमधे धुरकट दिसत असेल, आतून ओल धरली असेल, तर रिपेरवाल्याकडं द्या, पण आधी घरातल्या दुसऱ्या फोनवर ट्राय करा, ते फुकट आहे.

ज्यांना डोळा मिचकावताच येत नाही, लकवा मारून एक बाजू हलत नाही, दृष्टी नाही, किंवा भाजल्यामुळं चेहरा बदलला आहे, त्यांनी पंधरा वेळा मशीनशी भांडू नये. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन लोकांच्या याचिकांवर सुप्रीम कोर्टानं ३० एप्रिल २०२५ ला निकाल दिला, आणि त्यानंतर ऑगस्ट २०२५ मधे रिझर्व्ह बँकेनं नियमात लिहिलं की लाइव्हनेस तपासणीमुळं अशी माणसं बाहेर पडता कामा नयेत. बँकेला सरळ लेखी सांगा की मला ही क्रिया जमत नाही, दुसरी पद्धत द्या. लेखी अशासाठी की बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करताना तोच कागद लागते.

आणि केवायसी करतो म्हणून कोणी व्हॉट्सॲपवर व्हिडीओ कॉल केला तर कापा. खरा कॉल बँकेच्या स्वतःच्या ॲपमधून किंवा साईटवरूनच सुरू झाला पाहिजे, आणि त्यात कोणी तुम्हाला स्क्रीन शेअर करायला, पिन सांगायला लावत नाही.